उपाशीपोटी चाललं तर चरबी जास्त जळते काय? बाबांना शुगर हाय

वडगावचा_धाकटा
आमचे बाबा 59 वर्षांचे, वजन 78 किलो, शुगर हाय. महिना झाला पहाटे साडेपाचला काही न खाता वॅक्सिन डेपोला तासभर चालायला जाल्यात. तिथं कुणीतरी सांगितलंय की उपाशीपोटी चरबी दुप्पट जळते. खरंच असं असतं काय? आणि असं कुणी करू नये?

तालमीतला_गडी
होय की. आमच्या तालमीत पोरं पहाटे चारला उठून नुसत्या पाण्यावर जोर-बैठका मारतात, मग आखाड्यात उतरतात. भरल्या पोटानं लढत धरली तर उलटीच होणार. दूध, बदाम, थंडाई सगळं मेहनत झाल्यावर. रात्रभर पोटात काही नसतं म्हटल्यावर शरीर साठवलेलंच बाहेर काढतंय, साधा हिशोब हाय. बाबांना जाऊ दे, अडवू नको.

निपाणीची_आक्का
पैलवानदादा, तुमचं अर्धं बरोबर हाय. चालताना चरबी जास्त जळते हे खरंच, कारण पहाटे रक्तात इन्सुलिन कमी असतं आणि तेव्हा चरबी सुटी व्हायला सोपं जातं. खरं ती किती जळते ते बघा की. 78 किलोचा माणूस तासात पाच किमी चालला तर साधारण 300 कॅलरी जातात. उपाशीपोटी त्यातल्या निम्म्या चरबीतून आल्या असं धरलं, तर 16-17 ग्रॅम चरबी गेली. खाऊन गेला आणि एक तृतीयांशच आल्या असं धरलं तर 11 ग्रॅम. फरक पाच-सहा ग्रॅमचा, म्हणजे एक चमचाभर तेल. आणि तोही टिकेलच असं नाही, कारण खाऊन व्यायाम केलेला माणूस नंतर दिवसभरात चरबी थोडी जास्त जाळू शकतो आणि उपाशी केलेला थोडी कमी. 2014 ला अमेरिकेत 20 तरुण बायकांवर बघितलेलं, निम्म्या उपाशी, निम्म्या खाऊन, आठवड्यातनं तीन दिवस तासभर व्यायाम, चार आठवडे, दोन्हीकडं जेवण सारखंच कमी केलेलं. दोन्ही गटांचं वजन उतरलं, चरबीत फरक निघाला नाही. माणसं थोडी आणि दिवसही थोडे, हे मान्य.

मी 14 वर्षं शुगरच्या पेशंटांसोबत काम करालीय म्हणून चरबीपेक्षा मला दुसरीच काळजी लागली. बाबांची गोळी कुठली आणि ती किती वाजता घेतात?

खानापूर_सायकल
आक्का, नुसतं वजन बघून चालत नाही की. 2019 ला इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात वजन जास्त असलेल्या पुरुषांना सहा आठवडे सायकल चालवायला लावलेली, काहींना नाश्त्याआधी आणि काहींना नंतर. आधीवाल्यांची व्यायामातली चरबी दुप्पट जळली. वजनात फरक नव्हता हे तुमचं खरं, खरं त्यांच्या शरीराला इन्सुलिन कमी लागायला लागलं, आणि शुगरवाल्याला ह्याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे? मी स्वतः खानापूर ते लोंढा सकाळी नुसतं पाणी पिऊन जातोय, दोन वर्षं झाली, कधी काही झालं नाही.

शहापूरची_सुषमा
मी सकाळी दूध-साखरेचा एक कप चहा पिऊन रेसकोर्सला जाते, तर ते उपाशीपोटी धरायचं की नाही? चहा नसला की माझं डोकं दुखतंय. आणि मला ॲसिडिटी पण हाय, ती चालल्यानं जाईल काय?

निपाणीची_आक्का
सुषमाताई, दोन चमचे साखर पोटात गेली की उपाशी धरत नाहीत, खरं त्यानं तुमचं काही बिघडत नाही, पिऊन जावा. ॲसिडिटीचं वेगळं बोलू.

खानापूरकर, तो अभ्यास मला माहीत हाय, चांगला हाय. खरं ती माणसं शुगरची गोळी घेणारी नव्हती, आणि तुम्हीपण नाही. धाकट्या, गोळीचं सांग लवकर.

वडगावचा_धाकटा
स्ट्रिप बघून आलो. ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500, एकाच गोळीत. डॉक्टरांनी सकाळी नाश्त्याच्या वेळी सांगितलेली. बाबा विसरायला नको म्हणून उठल्या उठल्या साडेपाचला घेतात आणि चालायला जातात. परत येऊन आंघोळ, पूजा, पेपर, मग साडेआठ-नऊला उप्पीट नाहीतर डोसा.

अजून एक. मागच्या रविवारी सगळे येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेले तर वर पोचल्यावर बाबांना दरदरून घाम, हात थरथरायला लागले, आणि कधी कुणावर आवाज न चढवणारा माणूस सोबतच्या काकांवर चिडला. आम्ही म्हटलं चढ हाय, वय हाय. लिंबू सरबत दिलं, पंधरा मिनिटात एकदम बरं. आज चालून आल्यावर घरच्या मशीनवर बघितलं तर 64.

निपाणीची_आक्का
बाळा, तो चढाचा दम नव्हता. दम लागला तर बसल्यावर उतरतो, साखर पोटात गेल्यावर उतरला म्हणजे शुगर खाली गेलेली. 70 च्या खाली गेली की कमीच म्हणायची, आजचा आकडा 64 हाय.

झालंय काय ते सांगते. ग्लिमेपिराइड पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. म्हणून ती पहिल्या खाण्याबरोबर घ्यायची. बाबा साडेपाचला घेतात, मग तासभर पायाचे स्नायू साखर ओढतात, आणि खाणं तीन तासांनी. आणि ज्या चरबीसाठी हे चाललंय ती तरी कुठं नीट जळणार? इन्सुलिन वाढलं की चरबी सुटायची थांबते. म्हणजे फायदा आधीच चमचाभर, तोही गोळीनं दाबला, आणि धोका तेवढा पदरात.

उद्यापासनं गोळी नाश्त्याच्या ताटाशेजारी ठेवा. मनानं बंद करायची नाही, आणि हा 64 आकडा ह्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, डोस कमी करायचा की कसं ते ठरवतील. निघायच्या आधी मशीनवर 90 च्या खाली दिसलं तर एक लहान केळं खाऊन थोडं थांबून निघायचं. खिशात साखर पाहिजेच. घाम-थरथर आली की चालणं थांबवून तीन चमचे साखर पाण्यातनं, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, नाही वाढली तर परत तेवढीच. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

इन्सुलिन घेणाऱ्यांनाही असंच, विचारल्याशिवाय उपाशी व्यायाम नको. गरोदर बाईनं आणि पूर्वी खाणं तोडून तोडून आजारी पडलेल्या पोरीनंही हे करू नये.

तालमीतला_गडी
गोळीचं मला ठाऊक नव्हतं आक्का. आमच्या तालमीत एक वस्ताद हायेत, त्यांना शुगर आणि बीपी दोन्ही, पहाटे पोरांबरोबर बैठका मारतात. त्यांना आजच विचारतो. खरं धडधाकट पोरांनी उपाशीच करावं हे माझं मत कायम हाय, पोट हलकं असलं की अंग चपळ चालतं.

निपाणीची_आक्का
पोरांबद्दल माझी हरकत नाही. वस्तादांची बीपीची गोळी कुठली तेवढी बघा. मेटोप्रोलॉलसारखी असेल तर शुगर उतरताना धडधड, थरथर कळतच नाही, घाम तेवढा येतो. व्यायामात घाम येणारच म्हणून तो कुणी मनावर घेत नाही.

खानापूर_सायकल
बरं, आणि फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यानं? त्यानं शुगर सहसा एवढी उतरत नाही म्हणतात. त्याला तरी नाश्त्याआधीचा फायदा मिळेल की.

निपाणीची_आक्का
त्याला धोका बराच कमी, हे बरोबर. खरं मी त्यांनाही जेवणानंतर अर्ध्या तासानं पंधरा-वीस मिनिटं चाला म्हणते, जेवणानंतरची वाढलेली साखर तेव्हाच खाली येते. तुमचं म्हणणं सकाळचं, माझं जेवणानंतरचं, ह्यावर आपलं एकमत व्हायचं नाही असं दिसतंय.

वडगावचा_धाकटा
गोळीची वेळ बदलली, बुधवारी डॉक्टरांकडं नंबर लावलाय. बाबा म्हणाल्यात चालायच्या आधी केळं खाल्लं की सगळं वाया. तेलाचा चमचा डायनिंग टेबलवर ठेवून दाखवला त्यांना, बघत बसलेत.