मदत हवी आहे: फिकट रंगांत चेहरा निस्तेज दिसतो

माझा रंग खूप गोरा, गुलाबी झाक असलेला. केस आणि भुवया काळ्याभोर. फिकट गुलाबी, पिस्ता, लिंबू असं काही घातलं की लोक हमखास विचारतात, "बरं नाहीये का?" म्हणून मेकअप न करता, खिडकीच्या उजेडात हनुवटीखाली एकेक कापड धरून पाहिलं. पिस्ता रंगाने ओठांचा रंगच उडाला. डाळिंबी आणि मोरपंखीने चेहरा लगेच खुलला. काळ्याने मात्र डोळ्यांखालची वर्तुळं जास्तच दिसायला लागली. अडचण अशी की कामावर फार गडद किंवा भडक कपडे चालत नाहीत, आणि रोज मेकअप करायचा नाहीये. मग फिकट आणि गडद यांच्या मधले कोणते रंग घेऊ? की फिकट शर्टवर गळ्याशी डाळिंबी स्कार्फ घेतला तरी भागेल?