टोपी ‘हलते’ म्हणजे नक्की काय होतं? सरकते, तरंगते, मागे पडते, थरथरते

चिंचगूळ: आमचा एक छोटा गेम आहे, वरून दिसणारा, पिक्सेलवाला. त्यात कॅरेक्टरला केस, शर्ट, पँट, टोपी बदलता येते, प्रत्येक गोष्टीचा वेगळा स्प्राइट, म्हणजे छोटं चित्र, आणि ते एकावर एक चढवलेले. टेस्टिंग करणारी पोरं सगळी कॉलेजची, बग मराठीत लिहितात, आणि जवळजवळ प्रत्येकाने लिहिलंय ‘टोपी हलते’. आमचा कोडवाला एक गोष्ट दुरुस्त करतो तरी पुढच्या यादीत परत ‘टोपी हलते’ हजर. मला वाटतंय की हे वेगवेगळे बग आहेत आणि शब्द एकच पडतोय. सरकते, तरंगते, मागे पडते, थरथरते असे चार शब्द ठरवून द्यायचा विचार आहे. पण कुठला कशासाठी? आणि लेयरला थर म्हणू का पापुद्रा?

गोट्या_९९: एवढं काय त्यात. टोपी बॉडीच्या नोडची चाइल्ड करा, बॉडी जिकडे जाईल तिकडे टोपी जाईल, विषय संपला. लेयरला लेयरच म्हणा, थर म्हटलं की दहीहंडी आठवते.

चिंचगूळ: चाइल्ड आहेच रे. तरी हलते.

ओसरी: गोट्याचं अर्धं बरोबर आहे. चाइल्ड केली की टोपी नोडच्या मागे जाते, म्हणजे कॅरेक्टर खोलीत इकडून तिकडे गेलं तर टोपी बरोबर जाते. पण चालताना डोकं जे वरखाली होतं ते नोडमध्ये होतच नाही, ते चित्रात काढलेलं असतं. नोड जागच्या जागी, चित्र बदलतंय. समज चालण्याच्या एका फ्रेमला डोकं एक पिक्सेल खाली काढलंय, तर टोपी होती तिथेच राहणार आणि कपाळ आणि टोपीच्या मधे एक पिक्सेलची फट दिसणार, पुढच्या फ्रेमला परत चिकटणार. हे झालं तरंगणं. टोपी हललीच नाही हा त्यातला बग आहे, आणि पोरं लिहितात हलते! म्हणून तुझा प्रश्न रास्त आहे.

तुमची शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम ओळीने मांडलेलं मोठं चित्र, कुठली आहे? स्वतः काढलीत की लिबरेटेड पिक्सेल कपवाली?

चिंचगूळ: बॉडी, केस, कपडे त्याच कपवाले, ६४ बाय ६४ चे. टोप्या मात्र आमच्या मैत्रिणीने काढल्यात, प्रत्येक टोपीची चारच चित्रं, चार दिशांची.

ओसरी: मग बरंचसं कळलं. त्या २०१२ च्या स्पर्धेच्या निमित्ताने जी शीट ठरली तिच्यात आडवे १३ रकाने आणि उभ्या २१ ओळी आहेत, म्हणजे ८३२ बाय १३४४ पिक्सेल. चालण्याच्या ओळी शून्यापासून मोजल्या तर ८ ते ११, क्रम वर, डावीकडे, खाली, उजवीकडे. तोंड आपल्याकडे करून चालणं म्हणजे दहावी ओळ, १० गुणिले १३, फ्रेम १३० ला उभा आहे आणि १३१ ते १३८ चालतोय. शर्टाची शीट याच आराखड्याने काढलेली असते, शर्टाची १३४ ही बॉडीच्या १३४ वर चपखल बसते, बाकी जागा मोकळी पारदर्शक. म्हणून कपड्यांना काही गणित लागत नाही, फक्त सगळ्यांचा फ्रेम नंबर एक ठेवायचा. गोडो इंजिनमध्ये एवढंच:

```
for layer in layers:
    layer.frame = body.frame
```

तुमच्या टोपीला ही सोय नाही कारण तिची चारच चित्रं. तिला प्रत्येक फ्रेमला डोकं कुठे आहे ते वेगळं सांगावं लागणार. एकदा बसून प्रत्येक फ्रेममध्ये डोक्याचा एकच ठरलेला पिक्सेल बघायचा, मी कपाळाच्या वरच्या कडेचा मधला घेतो, आणि तो उभ्या फ्रेमपेक्षा किती वर, खाली, बाजूला गेलाय ते लिहून काढायचं. मग

```
hat.position = base + head_offset[body.frame]
```

कंटाळवाणं काम आहे पण बॉडीसाठी एकदाच करायचं, पुढे शंभर टोप्या आल्या तरी तीच यादी चालते. स्टारड्यू व्हॅलीतही टोपी प्रत्येक फ्रेमला वेगळी काढलेली नाही, दिशेप्रमाणे चित्र आणि फ्रेमप्रमाणे सरक असाच प्रकार आहे.

शाईपेन: त्या ठरलेल्या बिंदूला इंग्रजीत अँकर म्हणतात ना, मी एका भाषांतरात ‘नांगर’ वाचलं आणि शेतातला डोळ्यासमोर आला. ‘खुंटी’ म्हणा. टोपी खुंटीलाच टांगतात. आणि लेयरला पापुद्रा नको, पापुद्रा सुटतो, निघतो, त्यात पातळ आणि कुरकुरीत असा भाव आहे. थर एकावर एक बसतो. थरच बरा.

गोट्या_९९: खुंटी भारी आहे 👍 दहीहंडीचं मागे घेतो.

माळ्यावरचा_पेटारा: आम्ही दिवाळी अंकाची मुखपृष्ठं करतो त्यात लेयरला थर, मास्कला मुखवटा असं सगळं मराठीत बोलतो, फोटोत टोपी घालायची असेल तर केसांच्या कडेने मुखवटा लावून हलक्या ब्रशने पुसायचं, कड मऊ येते. तुम्ही तसं करून बघा, टोपी हलल्यासारखी दिसणार नाही.

ओसरी: दादा, ते स्थिर फोटोचं झालं. पिक्सेलमध्ये मऊ कड आली तर चिखल दिसतो, आणि इथे चित्र सेकंदाला आठ-दहा वेळा बदलतंय. पण मुखवटा शब्द कामाचा आहे, केसांकडे येतो तेव्हा वापरतो.

आता बाकीचे शब्द. सरकली हे तेव्हा लिहायचं जेव्हा चूक सगळ्या फ्रेमला सारखी असते. उभा असतानाही टोपी तीन पिक्सेल डावीकडे. हे बहुतेक एक्सपोर्ट करताना होतं, ट्रिमचा पर्याय चालू राहतो, रिकामी जागा कापली जाते आणि चित्राचा मध्य बदलतो. आणि फक्त एका बाजूला तोंड असताना सरकत असेल तर आरसा करताना गणित चुकलंय. ६४ रुंदीच्या फ्रेममध्ये खुंटी ३० व्या पिक्सेलवर असेल तर उलटवल्यावर ती ३३ वर जाते, ३४ वर नाही, कारण मोजणी शून्यापासून ६३ पर्यंत. एका पिक्सेलची चूक, पण डोळ्याला लगेच खुपते.

मागे पडते हे वेगळं. इथे आकडे बरोबर असतात, वेळ चुकते.

पुणे_ते_टोरंटो: हे माझ्याकडे झालं होतं युनिटीत! खेळाडूने चालता चालता पँट बदलली की पाय एकीकडे आणि पँट एकीकडे, आणि थांबून परत चालायला लागलं की सगळं ठीक. कारण नवीन पँट स्वतःचं ॲनिमेशन पहिल्या फ्रेमपासून सुरू करायची आणि पाय तेव्हा पाचव्यावर असायचे.

ओसरी: अगदी. प्रत्येक थराला स्वतःचं घड्याळ दिलं की हे होणारच. घड्याळ एकट्या बॉडीला, बाकी सगळ्यांनी फक्त नंबर विचारायचा. पण नंबर विचारूनही मागे पडू शकतं. युनिटीत ॲनिमेटर चालतो तो Update नंतर आणि LateUpdate च्या आधी. टोपीने Update मध्ये बॉडीचा फ्रेम विचारला तर तिला मागचा फ्रेम मिळतो, बरोबर एक स्क्रीन फ्रेम उशीर.

ओळखायचं कसं ते सांगतो, हे टेस्टरांनाही सांग. ॲनिमेशनचा वेग मुद्दाम सेकंदाला एक फ्रेम एवढा कमी करायचा आणि बघत बसायचं. फ्रेम बदलताना टोपी क्षणभर लुकलुकून जागेवर आली तर विचारण्याचा क्रम चुकलाय. पूर्ण सेकंदभर चुकीच्या जागी राहिली, तर टोपीवर नजर न ठेवता हातपाय आणि कपडे बघा. तेही जुळत नसतील तर घड्याळं वेगळी आहेत. कपडे जुळतात आणि टोपीच चुकते तर यादीतला त्या फ्रेमचा आकडा चुकलाय.

चिंचगूळ: हे आत्ता करून बघितलं. सेकंदभर चुकीची राहते, कपडे बरोबर. म्हणजे यादी नसल्याचाच प्रताप, तरंगणं. पण एक पोरगं म्हणतं उभा असताना नाही, चालतानाही नाही, कॅमेरा हळू सरकतो तेव्हाच टोपी थंडीने कापल्यासारखी करते.

ओसरी: ती थरथर. टोपीच्या चित्राची उंची विषम आहे का?

चिंचगूळ: २५.

ओसरी: मग सापडलं असं समज. २५ चा मध्य १२.५. समज टोपी बॉडीपेक्षा १२.५ वर ठेवलीय. बॉडी स्क्रीनवर १०.४ ला आली, पूर्णांक केला तर १०. टोपी उणे २.१, पूर्णांक उणे २. अंतर १२. कॅमेरा जरा सरकला, बॉडी १०.६, म्हणजे ११ झाली. टोपी उणे १.९, ती उणे २ च राहिली. अंतर १३. बॉडी एक पिक्सेल हलली आणि टोपी हललीच नाही, मग थोड्या वेळाने ती एकटी हलते. चित्राला वर एक रिकामी ओळ जोडून २६ कर किंवा मोजमाप मध्याऐवजी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घे, अर्धा पिक्सेल कुठे शिल्लकच ठेवायचा नाही.

गोट्या_९९: बरं मग केसांचं काय? आमच्याकडे टोपीतून शेंडी बाहेर येते 😂 टोपी सगळ्यात वर काढली तरी.

ओसरी: टोपी वर असली तरी ती जेवढी झाकते तेवढंच झाकणार, उंच केस तिच्या कडेबाहेर दिसणारच. तिथे पेटारा दादांचा मुखवटा. प्रत्येक टोपीबरोबर एक आकार ठेवायचा, त्या आकारात येणारे केस काढायचेच नाहीत, आणि तो आकारही खुंटीबरोबर हलला पाहिजे नाहीतर चालताना केस टोपीखालून डोकावतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक केशरचनेची एक दबलेली आवृत्ती काढायची. काम जास्त पण दिसतं छान. आणि लांब केसांचे थर दोन हवेत, एक बॉडीच्या मागे, एक पुढे. पाठमोरं झालं की मागचा थर बॉडीच्या पुढे आणायचा, हे विसरलं की पाठीवरची वेणी गायब.

खुंटी सगळीकडे पुरत नाही हेही सांगून ठेवतो. शीटची शेवटची ओळ, मार लागून पडण्याची, तिच्यात डोकं नुसतं खाली येत नाही, कलतं. चार चित्रांची टोपी तिथे कितीही सरकवली तरी बसणार नाही. त्या सहा फ्रेमसाठी टोपी हातानेच काढावी लागेल, किंवा पडताना टोपी उडून जाते असं दाखवा.

शाईपेन: पर्याय आवडला. बटणावर ‘टोपी घाला’ लिहिलंय की काय पण? तेवढं बघा.

चिंचगूळ: लिहिलंय 😅 ‘टोपी चढवा’ कसं वाटतं?

माळ्यावरचा_पेटारा: चढवा म्हणजे जरा नाटकातलं वाटतं. ‘टोपी निवडा’ करा.

पुणे_ते_टोरंटो: पाठमोरं असताना पोनीटेल टोपीच्या वरून काढायचं का खालून, हे आमच्याकडे अजून भांडण आहे. कॅपला मागे भोक असतं त्यातून पोनी बाहेर येते, फेट्याला नाही. मग थरांचा क्रम टोपीने ठरवायचा की केसांनी?

ओसरी: मी टोपीकडे देतो. पण मग वेणीत गजरा माळला की तो कुणाचा थर, यावर माझ्याकडेही उत्तर नाही.