मदत हवी आहे : भट्टीजवळच्या उष्म्याबद्दल सुपरवायझरना अर्ज

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात फाउंड्रीत ओतकामावर आहे. दुपारी भट्टीतून रस ओतायला लागलो की शेडमध्ये उभं राहवत नाही. पाण्याचा पिंप गेटपाशी, जाऊन यायला सहा-सात मिनिटं, म्हणून पोरं पाणी प्यायचंच टाळतात. गेल्या आठवड्यात एकाला पायात गोळे आले, मग चक्कर. हातात वितळलेल्या लोखंडाची पळी असताना असं झालं तर काय होईल, या विचाराने झोप लागत नाही.

तोंडी सांगून झालं, आता लेखी देतोय. मसुदा असा :

"साहेब, ओतकाम सुरू असताना दर वीस मिनिटांनी प्रत्येकाला पेलाभर पाणी पिता यावं, म्हणून थंड पाण्याचा जार साच्यांच्या ओळीजवळ, पण रसाचे थेंब उडणार नाहीत इतक्या अंतरावर ठेवावा. दुपारी बारा ते चार दर तासाला दहा मिनिटं पंख्याखाली सावलीत बसू द्यावं. ओतणी मध्येच थांबत नाही हे माहीत आहे, म्हणून दोन जादा माणसं देऊन आळीपाळीने सोडावं. कुणी असंबद्ध बोलू लागला तर काम थांबवून अंगावर पाणी ओतून लगेच दवाखान्यात न्यावं."

हे पुरेसं आहे का? दहा मिनिटांचा पगार कापू नये, हे अर्जातच लिहावं का? सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात की मी एकट्याने द्यावा? पोच कशी घ्यायची, तेही सांगा.