सप्टेंबर टर्मला चार कोर्स घ्यावेत का तीन?

रान_आणि_डेटा (प्रश्न)
परभणी जिल्ह्यातला आहे, बीएस्सी सेकंड इयर. सोबत आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस करायलो. फाउंडेशनचे मॅथ्स 1 अन् इंग्लिश 1 निघाले. आता स्टॅट्स 1, कॉम्प्युटेशनल थिंकिंग, मॅथ्स 2, इंग्लिश 2 असे चार घेता येतेत. घ्यावेत का? दसऱ्याच्या आसपास सोयाबीन काढणी, नोव्हेंबरात कॉलेजची परीक्षा. लोड किती पडंल अंदाजच येईना.

लातूर_रिपीटर
घे चारी. नीटच्या वर्षी मी रोज बारा तास बसलोय, सवयीचं काम असतंय ते. सगळे कोर्स चार-चार क्रेडिटचे, आठवड्याला धरून दहा तास एकाला, म्हणजे चाळीस तास झाले, कॉलेज सांभाळून कडक होईल पण होतंय. दोन-दोन घेत बसलास तर फाउंडेशन संपून डिप्लोमाच्या टप्प्याला पोचेपर्यंत मित्र नोकरीला लागलेले असतील.

अंबाजोगाईकर
नवीन पॅटर्नमध्ये सेमिस्टरला 22 क्रेडिट ठरलेलेच असतात ना, त्यात कमी-जास्त कुठं करता येतंय? आमच्या कॉलेजला तर ओपन इलेक्टिव्ह पण त्यांनीच वाटून दिला, मागितलं एक अन् मिळालं दुसरंच. आधी ऑफिसात विचार.

रान_आणि_डेटा
दादा ते कॉलेजच्या बीएस्सीचं झालं, तिथं मला काहीच निवडायचं नाही. मी ऑनलाइनवाल्या डिग्रीचं विचारायलो, तिथं टर्मला किती घ्यायचे ते आपल्यावर असतंय.

नांदेडची_ताई
माझं फाउंडेशन झालंय, आता डिप्लोमा चालूय, म्हणून सांगते. तास मोजायच्या आधी कागदावर बाण काढ, कोणत्या कोर्सच्या पुढं कोणता कोर्स अडकलाय ते. पायथन घ्यायला कॉम्प्युटेशनल थिंकिंग झालेलं लागतं, स्टॅट्स 2 ला स्टॅट्स 1 लागतं. फाउंडेशनच्या आठ कोर्सपैकी तुझे सहा राहिलेत. आता चारी घेतलेस तरी पायथन अन् स्टॅट्स 2 जानेवारीलाच मिळणार, त्याच्या आधी मिळतच नाहीत. अन् आता तीन घेतलेस तर जानेवारीला उरलेले तीन. म्हणजे चार घे नाहीतर तीन घे, फाउंडेशन संपायला दोनच टर्म लागतात. चौथ्या कोर्सनं एक दिवससुद्धा वाचत नाही, नुसता ताण वाढतो. दोन-दोन घेतलेस तर मात्र तीन टर्म लागतील, तिथं खरंच चार महिने जातात.

आणि चारच्या ओझ्यात स्टॅट्स 1 किंवा सीटी, म्हणजे कॉम्प्युटेशनल थिंकिंग, मागं राहिला तर त्याच्या पुढचा कोर्सही एक टर्म मागं जातो, वरून फी परत भरायची. त्यामुळं ते दोन पक्के धर, बाकी काहीही हलव पण ते नको.

लातूर_रिपीटर
हे बाणाचं माझ्या डोक्यात नव्हतं, बरोबर आहे. पण दहा तासाचं तर ठीक ना?

नांदेडची_ताई
दहा तास हे सरासरीचं आहे रे. क्रेडिट सारखे असले म्हणून मेहनत सारखी नसती, आणि एकाच कोर्सचे बारा आठवडेही सारखे नसतात. अन् तू सरासरीनं नापास होत नाहीस, एका वाईट आठवड्यानं होतोस. क्विझचा रविवार आला की मागच्या चार आठवड्यांची उजळणी अन् चालू आठवड्याचे व्हिडिओ, असाइनमेंट असं सगळं एकाच वेळी अंगावर येतं. @रान_आणि_डेटा मागच्या टर्मला तास लिहून ठेवले होतेस का काही?

रान_आणि_डेटा
हो ताई, वहीच्या मागच्या पानावर लिहायचो. मॅथ्सला सुरुवातीला 6-7 तास, लॉगरिदमच्या आठवड्याला 9, ग्राफ थिअरीला 14 गेले. व्हिडिओ तीन तासांत उरकायचे, सगळा वेळ प्रॅक्टिस असाइनमेंटला जायचा, एका गणितावर अर्धा-अर्धा तास. इंग्लिशला कधीच 4 च्या वर नाही गेले.
वेळ म्हणाल तर कॉलेज आणि एसटीतून उरलेले सोमवार ते शुक्रवार रोज 3, शनिवारी 4, रविवारी 6, म्हणजे 25 तास. काढणीचे दोन आठवडे त्यातले 8 निघाले तरी लई झालं.

नांदेडची_ताई
मग तुझं उत्तर त्या वहीतच आहे. स्टॅट्स 1 अन् सीटी प्रत्येकी 10, इंग्लिश 2 ला 4, चोवीस तास, कसंबसं बसतं. इंग्लिशच्या जागी मॅथ्स 2 घेतलंस तर तीस, म्हणजे दर आठवड्याला पाच तासाचं कर्ज, त्यात काढणी. काढणीचं एवढं भिऊ नको मात्र. मी होते तेव्हा शेवटच्या परीक्षेला बसायला पहिल्या सात आठवड्यांतल्या चांगल्या पाच असाइनमेंटची सरासरी 40 लागायची, म्हणजे दोन आठवडे हुकले तरी चालायचं. पण ते दोन आठवडे काढणीसाठीच राखून ठेव, गणपतीत नको घालवू. या टर्मचा नियम एकदा वाचून घे.

हिंगोली_आई
मी एकच कोर्स घेते टर्मला. लेकरू दीड वर्षाचं आहे, ते झोपल्यावर रात्री दहा ते बारा. पहिल्या टर्मला दोन घेतले होते, सहाव्या आठवड्यात पोराला ताप आला अन् दोन्ही अर्धवट राहिले, दोन्हीची फी परत भरली. सगळे म्हणायले की असं किती वर्षं चालणार. चालंल तितकं चालंल, पण आता घेतलेला कोर्स निघतो. या दादाचं वय लहान आहे, त्याला माझा हिशोब लावू नका, पण घरात आजारपण आलं तर काय हे कुणीच धरंना म्हणून लिहिलं.

लातूर_रिपीटर
ताई, तीन मान्य. पण तिसरं इंग्लिश घ्यायचं हे मला पटंना. उरलेल्या सहात इंग्लिश एकटंच हलकं, बाकी पाच जड. दोन टर्ममध्ये पाच जड बसवायचे तर एका टर्मला तीन जड येणारच. ती आता येऊ द्या ना. सीटी म्हणजे कार्डाच्या गठ्ठ्यातून एकेक कार्ड उचलून मोजायचं सुडोकोड, स्टॅट्स 1 मध्ये मीन, मीडियन, प्रोबॅबिलिटी, बीएस्सीच्या पोराला त्याला दहा तास लागत नाहीत. आता मॅथ्स 2 ठेवलं तर जानेवारीला पायथन, स्टॅट्स 2 अन् मॅथ्स 2 असे तीन राक्षस एकदम येतील. शिवाय मॅथ्स 1 अजून डोक्यात ताजंय.

नांदेडची_ताई
पाच जडचा हिशोब अगदी बरोबर मांडलास. ताजं असण्याचा मात्र फार उपयोग नाही, मॅथ्स 2 मध्ये मोठा भाग मॅट्रिक्स आणि व्हेक्टर स्पेसचा, तिथं मागचे लॉग अन् ग्राफ विशेष कामी येत नाहीत. जानेवारीला काढणी नाही, कॉलेजची परीक्षा लांब, म्हणून मी ओझं तिकडं टाकलं. पण सीटीला पहिल्या सहा आठवड्यांनंतर तास वाढतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, ग्राफ अन् मॅट्रिक्स आले की आमच्या ग्रुपमधले निम्मे गप झाले होते. तू तिथं सहा तास धरशील, मी नाही धरणार.

लातूर_रिपीटर
तुमचा ग्रुप अन् हा सारखाच असंल असं कसं म्हणता? ह्यानं ग्राफ थिअरीला 14 तास दिले तरी पास झाला ना.

नांदेडची_ताई
तेव्हा त्याच्याकडं एकच जड कोर्स होता.

रान_आणि_डेटा
स्टॅट्स 1, सीटी पक्के. चौथा सोडला. तिसऱ्याचं अजून ठरंना. तीन जडची टर्म कधीतरी येणारच हे दादाचं पटलं, पण ती काढणीत घ्यायची हिंमत होईना. आज रात्री सीटीच्या सातव्या-आठव्या आठवड्याचे व्हिडिओ यूट्यूबवर पाहतो अन् एक असाइनमेंट घड्याळ लावून सोडवून बघतो, किती तास लागले ते उद्या इथंच टाकतो.

हिंगोली_आई
टाका दादा. पुढच्या टर्मला मला पण सीटीच घ्यायचंय.