मदत हवी आहे: एफर्ट-इम्पॅक्टची स्लाइड, सगळे ठिपके एकाच कोपऱ्यात

फोंड्याला आमचं छोटं होमस्टे आहे, पावसाळ्यात करायची 12 कामं काढलीत आणि शुक्रवारी पार्टनर लोकांना एका स्लाइडवर दाखवायचीत. आडवा अक्ष मेहनत, उभा अक्ष फायदा, मध्ये दोन रेषा, चार चौकोन, इथपर्यंत ठीक. पण प्रत्येकाला 1 ते 5 मार्क द्यायला सांगितले तर सगळ्यांनी फायद्याला 4 नाहीतर 5च दिले (आपलं काम कोण बिनकामाचं म्हणणार!) आणि मेहनतीलाही जास्तच, त्यामुळे 9 ठिपके वरती उजवीकडे एकमेकांवर चढलेत आणि नावं वाचताच येत नाहीत.

आता मार्क सोडून कामं एकमेकांशी तुलना करून ओळीत लावली आणि मधली रेषा सहाव्या-सातव्या कामामधून नेली. मेहनत माणूस-दिवसांत मोजली. नवे फोटो काढून साइटवर टाकणं 2 दिवस, छपराची गळती 14 दिवस. ठिपक्यात फक्त नंबर, नावं बाजूच्या यादीत. आता चित्र पसरलंय.

पण गळतीचं काम 'नंतर बघू'च्या चौकोनात पडलंय, कारण फायदा म्हणजे आम्ही जास्तीचं बुकिंग धरलं, आणि छप्पर दुरुस्त केल्यानं नवीन गिऱ्हाईक थोडंच येतं! ते टाळताच येत नाही, मग अशी सक्तीची कामं मॅट्रिक्सच्या बाहेर वेगळ्या पट्टीत ठेवू, की फायद्याची व्याख्याच बदलू? आणि एक पार्टनर म्हणतो मेहनतीचा अक्ष उलटा कर, म्हणजे सगळ्यात चांगलं वर उजवीकडे येईल. तुम्ही कसं करता?