"रजेचा अर्ज लिहून दे", पुढं काहीच नाही : तुमचे अनुभव सांगा

आस्थापना_निवृत्त (जुळे सोलापूर)

काल भाच्याचा मेसेज आला. "मावशी, रजेचा अर्ज लिहून दे, अर्जंट." किती दिवस, कशासाठी, कुणाच्या नावे, काही नाही. मी फोन लावला तर उचलेना. कामावर असेल.

त्यावरून आमच्या कार्यालयातली एक गोष्ट आठवली. पाच दिवसांचा आठवडा सुरू झाल्यानंतरची. पूर्व भागातला एक शिपाई होता, सरळ माणूस. पुतणीचं लग्न हैदराबादला. बाहेरच्या टायपिस्टकडून त्यानं अर्ज करून आणला : "मला घरगुती कारणास्तव रजा मिळावी ही विनंती." खाली सही. रजा कोणती ते नाही, तारखेची जागा मोकळी. त्याला वाटलं, तारखा कार्यालय भरेल.

भरल्याच कुणीतरी, त्याला विचारून. तो म्हणाला, शनिवारी निघणार आणि पुढच्या रविवारी रात्री येणार. म्हणून लिहिलं ४ ते १२ फेब्रुवारी २०२३, अर्जित रजा ९ दिवस. आता कॅलेंडर बघा. ४ आणि ५ म्हणजे शनिवार-रविवार, ११ आणि १२ पण शनिवार-रविवार. अर्जित रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेत धरली जाते, पण आधीची आणि नंतरची सुट्टी परवानगी मागून जोडून घेता येते. म्हणजे अर्ज असा पाहिजे होता :

> विषय : अर्जित रजा मंजूर होणेबाबत.
> कौटुंबिक कारणास्तव मला दि. ६ ते १० फेब्रुवारी २०२३ अशी ५ दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी. रजेच्या आधीच्या दि. ४ व ५ आणि नंतरच्या दि. ११ व १२ या सुट्ट्या जोडून घेण्याची, तसेच मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. रजेच्या काळातील पत्ता व फोन : …

माणूस घरापासून लांब तेवढेच नऊ दिवस. खात्यातून जातात पाच. माझ्या टेबलावर नोंदीला आलं तेव्हा मी त्याला बोलावून दुसरा अर्ज लिहून घेतला. साहेबांची सही व्हायची होती म्हणून जमलं. अर्जित रजा सहा महिन्याला १५ जमा होते, त्यातले चार दिवस कागदावरच्या रिकाम्या जागेपायी गेले असते.

तुमच्याकडं असे मोकळे अर्ज कुणी मागितलेत का? काय केलंत? लिहा.

---

चादर_गल्ली

आमच्या मालकाला तोंडी सांगायचं, "शेठ उद्या येत नाही." झाला अर्ज 😄

---

झेडपी_गुरुजी_मोहोळ

मधल्या सुट्टीत लिहितोय, चुका पोटात घाला. आमच्याकडं मोकळा अर्ज मागणारे निम्मे मास्तर असतात. मी पहिला प्रश्न एकच विचारतो, किती दिवस? दोन दिवस असले तर किरकोळ रजा, मुख्याध्यापकाच्या नावानं चार ओळी, संपलं. लांबची रजा असली तर प्रति गटशिक्षणाधिकारी आणि खाली "मार्फत मुख्याध्यापक". हे मार्फत राहिलं की अर्ज पंचायत समितीत जातो आणि तिथून परत शाळेत येतो, "शिफारशीसह सादर करावा" असा शेरा घेऊन. तोवर लग्न होऊन पोरगी सासरी.

आणि वैद्यकीय रजा वर्षाला वीस असतात, त्या वेगळ्या. आजारपण असलं तर अर्जित कशाला मोडायची.

---

आस्थापना_निवृत्त

गुरुजी, मार्फतचं अगदी बरोबर. वीसचं मात्र थोडं वेगळं आहे हो. वैद्यकीय रजा असं वेगळं खातंच नाही. वर्षाला २० जमा होते ती अर्धवेतनी रजा. दाखला जोडून ती परिवर्तित करून घेतली की पगार पूर्ण मिळतो, पण एका दिवसाला दोन दिवस खर्ची पडतात. दहा दिवस आजारी पडलात की वर्षाचे वीस संपले.

म्हणून अर्जात नुसतं "वैद्यकीय रजा" लिहू नये. "अर्धवेतनी रजा परिवर्तित करून" असं लिहावं. १९८१ च्या रजा नियमांत एक गोष्ट चांगली आहे. मंजूर करणारा अधिकारी रजा नाकारू शकतो, कामाची निकड असेल तर परत बोलावू शकतो, पण तुम्ही मागितलेल्या रजेचा प्रकार तुमच्या लेखी विनंतीशिवाय बदलू शकत नाही. तुम्ही प्रकारच लिहिला नाही तर या नियमाचा तुम्हाला काय उपयोग?

---

झेडपी_गुरुजी_मोहोळ

असं आहे होय. इतकी वर्षं आम्ही सगळे मेडिकलच म्हणतोय. घंटा झाली, संध्याकाळी बोलतो.

---

होटगी_रोड_ताई

माझा अनुभव उलटा आहे. धाकटा चौथीत. त्याच्या बाई म्हणाल्या, अर्ज आणा. मी लिहिला मुख्याध्यापकांच्या नावे, व्यवस्थित, कारण-तारखा सगळं. बाई म्हणाल्या वर्गशिक्षिकेच्या नावे पाहिजे. परत लिहिला. मग म्हणाल्या वडिलांची सही पाहिजे. त्याचे बाबा पुण्याला, शनिवारी हुतात्मानं येतात. आईची सही का चालू नये? कुणी सांगेल का? मुलगा एव्हाना बरा होऊन डबा खायला लागला.

---

चादर_गल्ली

ताई, आईची सही चालायलाच पाहिजे की. भांडा.

---

दवाखान्यात_बसणारा

मी कंपाउंडर आहे, सात रस्त्याच्या अलीकडं. अर्जाचं राहू द्या, लोक दाखलासुद्धा तसाच मागतात. "डॉक्टरला सांगून एक मेडिकल करून ठेव, तारखा मी टाकतो." आमचे डॉक्टर अजिबात देत नाहीत, आणि मला ते पटतं. तपासलं कधी, आराम कधीपासून कधीपर्यंत, हे त्यांच्याच अक्षरात असतं. गेल्या महिन्यात एकाचा अर्ज सोमवारपासूनचा आणि दाखला बुधवारपासूनचा. दवाखान्यात बुधवारीच आला होता, मग दाखल्यावर सोमवार कुठून येणार? दोन दिवसांचं काय करायचं म्हणून माझ्याशी तासभर वाद घातला.

आजारपणाचा अर्ज लिहून देणाऱ्यांनी आधी दाखला समोर मागावा आणि तारखा त्यावरून उतरवाव्यात. आणि कामावर परत जाताना फिटनेसचा दाखला वेगळा लागतो. तो न घेता जातात आणि त्याच दिवशी धावत परत येतात.

---

पार्क_चौक_पेन्शनर

गड्ड्याच्या वेळेस आमच्या काळी कार्यालयं ओस पडायची. नंदीध्वजाच्या मिरवणुकीला अर्ज लागतो का कुणाला? सिद्धेश्वराचं बोलावणं हेच कारण. यंदा गर्दी फार, नातवाला घेऊन होम मैदानावर गेलो, पाळण्याच्या रांगेतच पाय दुखले.

---

होटगी_रोड_ताई

काका तिथली भजी खाल्ली का 😀

---

पार्क_चौक_पेन्शनर

डॉक्टरनं तळलेलं बंद केलंय. वास घेतला.

---

एमआयडीसी_शिफ्टवाला

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या युनिटमध्ये आहे. कंपनीचं नाव नको. वर जे चाललंय ते सगळं सरकारी. आमच्याकडं अर्जित-परिवर्तित काही नाही, भरपगारी रजा म्हणतात. जुन्या कारखाना कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी वीस दिवसांमागं एक दिवस, आणि अर्ज रजेच्या पंधरा दिवस आधी. आजारपणाला ही अट नव्हती. आता नवीन संहिता आल्यात, त्यात काय बदललं ते आमच्या टाईम ऑफिसलाच नीट सांगता येईना.

माझं सांगतो. मित्रानं मोबाईलवरचा एक अर्ज पाठवला, तोच मी उतरवला. "महोदय, मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी." सुपरवायझर म्हणाला, हे मुख्यालय कुठाय बे तुझं? सगळी पाळी हसली. हसू दे, पण त्या नादात त्यानं अर्ज बाजूला ठेवला. त्यावर पोच नव्हती. पगारात तीन दिवस गैरहजेरी लागली, बिनपगारी. मी म्हणतो अर्ज दिला, ते म्हणतात मिळाला नाही. आता मी दोन प्रती काढतो, एकीवर तारखेसकट सही घेतो. अर्ज कसा लिहिला याच्याइतकंच तो दिला कधी हे महत्त्वाचं आहे.

---

आस्थापना_निवृत्त

भाऊ, तीन दिवसांचा पगार म्हणजे थोडा नाही. वाईट वाटलं वाचून. पोच घेण्याचं सगळ्यांनीच ध्यानात ठेवा.

भाच्याचा फोन आला आत्ता. तोही एमआयडीसीतच निघाला, खासगी. मी मनात सरकारी मसुदा धरून बसले होते. रजा एकच दिवसाची, बायकोची सोनोग्राफी आहे गुरुवारी. अर्ज कुणाच्या नावे, तर त्यालाही माहीत नाही, "एचआर मॅडम" एवढंच. पदनाम विचारून ये म्हटलं. नाव चुकलं तर चालतं एकवेळ, बदली होते माणसाची. "प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग" लिहिलं की खुर्चीवर कुणीही असो, कागद पोचतो.

---

कन्ना_चौक_अक्का

कारण लिहावं का पण? माझ्या सुनेला सोनोग्राफी असं लिहायचं नव्हतं. तीन महिनेही झाले नव्हते, घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या ऑफिसात अर्ज सगळ्यांच्या टेबलावरून फिरतो.

---

आस्थापना_निवृत्त

एक-दोन दिवसांना "वैयक्तिक कारणास्तव" पुरे, असं माझं मत. लांबच्या रजेला मात्र कारण जितकं नेमकं तितकी मंजुरी सोपी जाते, कारण रजा हक्क म्हणून मागता येत नाही, साहेबाला दोन अर्जांतून एक निवडायचा असतो.

---

झेडपी_गुरुजी_मोहोळ

शाळा सुटली. मला हे पटत नाही मॅडम. "वैयक्तिक" लिहिलं की आमचे साहेब बोलावून विचारतात, म्हणजे चारचौघांत सांगावं लागतं. त्यापेक्षा "कुटुंबातील व्यक्तीच्या वैद्यकीय तपासणीसाठी" लिहावं. कुणाची, कसली, काही कळत नाही आणि विचारायला जागा राहत नाही.

---

कन्ना_चौक_अक्का

हे बरंय गुरुजी. सुनेला दाखवते.

---

दवाखान्यात_बसणारा

मावशी, गुरुवारी सोनोग्राफी असली तर भाच्याला सांगा, बहुतेक ठिकाणी नंबर लांबतो, अर्ध्या दिवसाच्या भरवशावर राहू नका. आणि पाणी पिऊन यायचं की नाही ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

---

झेडपी_गुरुजी_मोहोळ

एक शंका राहिली. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, ती आमच्या रजेच्या शेवटच्या दिवसाला लागून आली, आणि अर्ज त्याआधीच दिलेला असला, तर जोडून घ्यायला नवा अर्ज द्यायचा का त्यावरच दुरुस्ती करायची? आमच्याकडं दोन शाळांत दोन पद्धती चालू आहेत.