ड्रायव्हर अपडेटनंतर स्क्रीन काळी, म्हणून थेट फॉरमॅट?

रात्रपाळी: ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला आणि स्क्रीन काळी. सेफ मोड, ड्रायव्हर मुळासकट काढणारं डीडीयू वगैरे निव्वळ टाइमपास आहे, सरळ फॉरमॅट मारा, तासाभरात मोकळे.

जुनापीसी: असले सल्ले वाचून डोकं फिरतं. आधी एवढं तरी बघितलंस का, काळं नक्की कधी होतं? सुरुवातीचा लोगो दिसतो, गोल फिरतं आणि लॉगिनच्या आधी अंधार, मग संशय ड्रायव्हरवर. लोगोच नाही दिसला तर केबल नाहीतर कार्ड बघ, तिथे फॉरमॅट करून काय कपाळ उजळणार? आधी Win+Ctrl+Shift+B दाबून बघ, कधीकधी तेवढ्यानेच चित्र येतं. नाही आलं तर चालू होताना पॉवर बटण दाबून धरून बंद कर, असं दोनतीनदा केलं की रिकव्हरीचा मेन्यू येतो. तिथून Startup Settings, रीस्टार्ट, मग ४ दाब.

चहाबाज: एवढा खटाटोप कशाला, msconfig मध्ये सेफ बूटला टिक करायची.

जुनापीसी: काळ्या स्क्रीनवर msconfig दिसणार कसं, टॉर्च मारून? आणि टिक काढायची राहिली की दरवेळी सेफ मोडच उघडतो.

मीपणसापडले: माझ्याकडे त्या मेन्यूआधी बिटलॉकरने ४८ आकडी की मागितली!! मी कधी काही चालू केलंच नव्हतं. दोन दिवस रडले.

रात्रपाळी: बघा, म्हणून म्हणतो फॉरमॅट, त्याला की लागत नाही.

जुनापीसी: हो, आणि फोटोही राहत नाहीत. बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर की बहुतेक तिथेच असते, फोनवरून aka.ms/myrecoverykey उघडून बघ.

मीपणसापडले: होती तिथेच, पण अकाउंटचा पासवर्ड कुठे आठवत होता! आणि न विचारता चालू का करतात, याचं उत्तर कुणी देत नाही.

चहाबाज: चोरी झाली की कळेल का ते.

मीपणसापडले: चोराआधी मलाच बाहेर काढलं हो त्यांनी.

जुनापीसी: मूळ मुद्द्यावर या. सेफ मोडमध्ये विंडोजचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर चालतो म्हणून चित्र येतं. डीडीयू आणि जुना ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हवर आण, लॅन केबल काढ, वायफाय बंद कर, मग "Clean and restart". नेट चालू राहिलं तर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवतं आणि मग लोक म्हणतात डीडीयू बेकार. फॉरमॅटनंतरही हेच होऊ शकतं, तोच भिकार ड्रायव्हर परत.

चहाबाज: रोल बॅक ड्रायव्हर आहे की डिव्हाइस मॅनेजरमध्ये.

जुनापीसी: आहे, बटण करडं नसेल तर आधी तेच कर. हे मात्र बरोबर बोललास, पहिल्यांदाच.

रात्रपाळी: केलं बाबा सगळं, महाराज. जुना ड्रायव्हर बसला, चित्र आलं. पण दुसरा मॉनिटर लावला की परत काळं, आता बोला.

जुनापीसी: केबल कार्डात लावलीस की मदरबोर्डात?

रात्रपाळी: बघून सांगतो. फॉरमॅटने एव्हाना झालं असतं.